पिव्होटच्या रेषा येतात कुठून? कालच्या तीन भावांचा आजचा हिशेब

“काका, माझ्या मोबाइलवर R1 524 दाखवतंय आणि याच्या मोबाइलवर 525. शेअर तोच, दिवस तोच. मग चुकलंय कोणाचं?”

कॉलेज रोडला बाजार उघडायच्या आधी चहा घेताना दोन मुलांनी मला हा प्रश्न विचारला. चुकलेलं कोणाचंच नव्हतं. पण एक रुपयाचा हा फरक का पडतो, हे शोधायला गेलं की पिव्होट पॉइंट नावाचं प्रकरण मुळापासून उलगडतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या, म्हणजे इंट्राडे करणाऱ्या माणसाला रोज सकाळी एकच अडचण असते. भाव आत्ता इथे आहे, पण ही जागा महाग की स्वस्त, हे कशाशी ताडून बघायचं? आजचा दिवस अजून घडलेला नाही, त्यामुळे हातात असतो तो फक्त कालचा दिवस. निफाडचा शेतकरी कांद्याची ट्रॉली लासलगावला न्यायच्या आधी बाजार समितीचे कालचे आकडे बघतो: किमान किती, कमाल किती, सरासरी किती. आज तोच भाव मिळेल असं तो समजत नाही. लिलावात पहिली बोली लागली की ती कालच्या मानाने वर आहे की खाली, एवढं त्याला लगेच कळतं. पिव्होट पॉइंटचं काम नेमकं एवढंच आहे.

फरक एक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंडीतला सरासरी भाव हा प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाशी जोडलेला असतो. पिव्होटला मात्र कुठल्या भावाला किती शेअर फिरले याची काहीच माहिती नसते. त्याला फक्त तीन आकडे ठाऊक असतात: कालचा उच्चांक, कालचा नीचांक आणि कालचा बंद भाव. शिकागोच्या वायदेबाजारात पिटमध्ये उभं राहून ओरडून सौदे करणाऱ्यांनी ही रीत रुळवली. तिथे उभ्या माणसाला कागदाच्या चिठोऱ्यावर बसेल एवढाच हिशेब हवा होता, म्हणून सूत्रं इतकी साधी आहेत.

हिशेब करून बघू

मुलांच्या शेअरचं नाव महत्त्वाचं नाही. समजायला सोपं जावं म्हणून आकडे सरळ घेतो. काल उच्चांक 518, नीचांक 494 आणि बंद भाव 515. म्हणजे दिवसभराची रेंज 24 रुपयांची, आणि शेअर वरच्या टोकाजवळ बंद झालेला.

तिन्हींची बेरीज 1527. तिनाने भागलं की 509. हा झाला पिव्होट, म्हणजे पडद्यावरचा P.

आता पिव्होटची दुप्पट करा, 1018. त्यातून नीचांक वजा केला की 524 येतो, तो R1. त्याच 1018 मधून उच्चांक वजा केला की 500 येतो, तो S1. पुढची पायरी आणखी सोपी आहे. पिव्होटमध्ये कालची पूर्ण रेंज मिळवली की R2, म्हणजे 509 अधिक 24, बरोबर 533. वजा केली की S2, म्हणजे 485. R हे वरचे अडथळे, S हे खालचे आधार.

शीटमध्ये एकदाच मांडून ठेवायचं असेल तर B1 मध्ये उच्चांक, B2 मध्ये नीचांक आणि B3 मध्ये बंद भाव टाका. त्याखाली हे लिहा:

```
B4  =(B1+B2+B3)/3
B5  =2*B4-B2
B6  =2*B4-B1
B7  =B4+(B1-B2)
B8  =B4-(B1-B2)
```

वरून खाली P, R1, S1, R2, S2 मिळतात. रोज तीन आकडे बदलायचे, बाकी आपोआप होतं.

इथपर्यंत कुठल्याही ॲपमध्ये मिळतं. पण सूत्र बोलतं काय, हे ॲप सांगत नाही. R1 चं सूत्र जरा वेगळं मांडून बघा. पिव्होट 509, नीचांक 494, दोघांत 15 रुपयांचं अंतर. R1 म्हणजे तेच 15 रुपये पिव्होटच्या वर मोजलेले: 509 अधिक 15, 524. तसंच उच्चांक 518 पिव्होटपासून 9 रुपये वर आहे, म्हणून S1 पिव्होटच्या 9 रुपये खाली, 500 वर. म्हणजे काल भाव पिव्होटच्या खाली जितका गेला होता, तितका आज वर गेला की R1. काल जितका वर गेला होता, तितका आज खाली आला की S1.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. R1 आणि S1 यांच्यातलं अंतर नेहमी कालच्या रेंजइतकंच असतं. इथे 524 वजा 500, चोवीसच. आणि पिव्होट सहसा या दोघांच्या मधोमध नसतो. काल शेअर जोरात बंद झाला, त्यामुळे आज वर R1 पर्यंत 15 रुपयांची मोकळी जागा आहे आणि खाली S1 पर्यंत फक्त 9 रुपयांची.

आता कालचा दिवस तोच ठेवू, फक्त शेवट बदलू. उच्चांक 518, नीचांक 494, पण शेवटच्या तासात विक्री येऊन शेअर 497 ला बंद झाला असं धरा. बेरीज 1509, पिव्होट 503. R1 येतो 512 आणि S1 येतो 488. रेंज तीच, तरी सगळा साचा खाली सरकला आणि मोकळी जागा आता खालच्या बाजूला गेली. बंद भाव 18 रुपयांनी बदलला तेव्हा पिव्होट 6 रुपयांनी बदलला आणि R1, S1 प्रत्येकी 12 रुपयांनी. हे प्रमाण कायमचं आहे: बंद भावातल्या फरकाचा तिसरा हिस्सा पिव्होटमध्ये उतरतो आणि दोन तृतीयांश R1 व S1 मध्ये.

हे प्रमाण हाती आलं की मुलांच्या प्रश्नाचं उत्तर समोरच आहे. R1 मध्ये एक रुपयाचा फरक असेल तर बंद भावात दीड रुपयाचा फरक असणार.

बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे

साडेतीनला बाजार थांबतो तेव्हा पडद्यावर जो शेवटचा भाव गोठलेला दिसतो, तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो. एनएसईचा अधिकृत बंद भाव आजवर वेगळ्या रीतीने निघत आला आहे. तीन ते साडेतीन या शेवटच्या अर्ध्या तासात त्या शेअरचे जितके सौदे झाले, त्यांचा संख्येनुसार भारित सरासरी भाव. शेवटच्या क्षणी कोणी चार शेअर घेऊन भाव वर नेला तरी बंद भावावर त्याचा परिणाम होऊ नये, हा त्यामागचा हेतू. निफ्टीसारख्या निर्देशांकाचा बंदही त्यातल्या शेअरांच्या या अशाच बंद भावांवरून काढतात.

मुलांच्या शेअरमध्ये काल तेच झालं होतं. अर्ध्या तासाची सरासरी 515 आणि शेवटचा सौदा 516.50. पहिल्याचा चार्ट दैनिक आकड्यांवरून पिव्होट काढत होता, त्याला 509 आणि 524 मिळाले. दुसऱ्याचा चार्ट शेवटच्या मेणबत्तीचा, म्हणजे चार्टवर शेवटची पाच मिनिटं दाखवणाऱ्या उभ्या खुणेचा, भाव बंद म्हणून धरत होता, त्याला पिव्होट 509.50 आणि R1 525 मिळाला. दोघांचं गणित बरोबर, फक्त तिसरा आकडा वेगळा.

खात्री करायची असेल तर एनएसई रोज संध्याकाळी भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाइल, प्रसिद्ध करते, ती उघडा. त्यात `ClsPric` हा रकाना बंद भावाचा आणि `LastPric` हा शेवटच्या सौद्याचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की आपला चार्ट कुठला आकडा वापरतो ते एका मिनिटात कळतं. माझं मत असं की अधिकृत बंदच वापरावा. पिव्होटमध्ये जे काही बळ आहे ते पुष्कळ लोक एकाच जागेकडे बघतात यात आहे, आणि दैनिक चार्टवर सगळ्यांना दिसतो तो हाच आकडा. ट्रेडिंगव्ह्यूच्या `Pivot Points Standard` मध्ये त्यासाठी `Use Daily-based Values` असा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

त्याच इंडिकेटरमध्ये आणखी दोन जागा आहेत जिथे नवखा माणूस हमखास फसतो. पहिली जागा `Auto`. पंधरा मिनिटांपर्यंतच्या चार्टवर तो कालच्या दिवसाचे पिव्होट काढतो, पण तुम्ही तीस मिनिटांचा चार्ट लावलात की तो न सांगता गेल्या आठवड्याचे पिव्होट दाखवू लागतो. रेषा अचानक लांब लांब गेल्या तर आधी हे तपासा आणि तिथे दैनिक ठरवून टाका. दुसरी जागा म्हणजे सूत्राचं नाव. `Traditional` आणि `Classic` ही दोन नावं एकाच गोष्टीची वाटतात, आणि R2 पर्यंत आकडे सारखेच येतात. पण R3 ला दोघं वेगळे होतात. आपल्या उदाहरणात `Traditional` चा R3 548 आहे, कारण तो R1 मध्ये रेंज मिळवतो. `Classic` चा 557 आहे, कारण तो पिव्होटमध्ये दुप्पट रेंज मिळवतो. नऊ रुपयांचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे.

एक रुपयाच्या फरकातून अजून एक समजतं. रेषा ही रेषा नसते, पट्टा असतो. पाचशेच्या शेअरमध्ये रुपया इकडे की तिकडे यावर तुमचा सौदा वाचतो किंवा बुडतो असं होत असेल, तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला भाव, पट्ट्याच्या आत लावलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सीपीआरबद्दल थोडंसं

आपल्याकडे पिव्होटच्या जोडीला सीपीआर, म्हणजे सेंट्रल पिव्होट रेंज नावाचा पट्टा, फार चालतो, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. उच्चांक आणि नीचांक यांचा मध्य ही एक कड. आपल्या शेअरमध्ये ती 506. पिव्होट 509, म्हणजे तिच्यापासून 3 रुपये वर. तेवढेच 3 रुपये पिव्होटच्या पलीकडे मोजले की दुसरी कड, 512. असा 506 ते 512 हा सहा रुपयांचा पट्टा मिळतो.

पट्टा अरुंद असेल तर आज मोठी चाल येणार, रुंद असेल तर दिवस घुटमळणार, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवण्याआधी पट्टा नेमकं काय मोजतो ते बघा. तोच शेअर, तीच 24 रुपयांची रेंज, पण बंद भाव 507 धरला तर पिव्होट 506.33 येतो आणि पट्टा 67 पैशांचा होतो. रेंज रुपयाभरही लहान झालेली नाही, बंद भाव फक्त मध्याजवळ आला. म्हणजे पट्ट्याची रुंदी कालची हालचाल किती होती हे सांगत नाही. दिवस मिटताना भाव मध्यापासून किती दूर होता, ते सांगते. अरुंद पट्टा म्हणजे काल खरेदीदार आणि विक्रेते दोघंही शेवटी मधोमध येऊन थांबले. त्यातून आज एक बाजू सुटून निघू शकते, हा तर्क समजण्यासारखा आहे. पण तो तर्क आहे, नियम नाही.

एक दिवस जवळून

आता बंद 515 असलेला तोच दिवस मागे धरून आजचा दिवस चालवून बघू. P 509, R1 524, S1 500. भाव उघडतो 516.50 ला, म्हणजे पिव्होटच्या वर आणि R1 च्या खाली. पहिलं वाचन: आज बाजू खरेदीदारांची, निदान अजून तरी.

पावणेदहापर्यंत भाव 521.30 ला जातो. R1 ला शिवत नाही, तिथूनच वळतो. इथे पुष्कळ जण घाईने विकतात. अडथळ्याच्या अलीकडूनच भाव परतला, म्हणजे कमजोरी, असं त्यांना वाटतं. पण पिव्होट अजून 12 रुपये खाली आहे आणि मधल्या जागेत पिव्होटचे आकडे काहीच सांगत नाहीत. दोन रेषांच्या मध्ये सौदा करायचा असेल तर त्याला दुसरं कारण हवं.

भाव हळूहळू उतरतो. साडेदहा ते पावणेअकराच्या पंधरा मिनिटांच्या मेणबत्तीत तो 508.60 पर्यंत जातो, पण मेणबत्ती 510.20 ला बंद होते. म्हणजे भाव पिव्होटच्या खाली डोकावून आला, तिथे टिकला नाही. मी दोन गोष्टी बघेन. उतरताना व्यवहारांची संख्या सकाळच्या चढापेक्षा कमी होती का? आणि निफ्टी त्याच वेळी कोसळत तर नाही ना? दोन्ही उत्तरं मनासारखी आली तर त्या मेणबत्तीच्या उच्चांकाच्या वर, समजा 511.20 ला खरेदी. स्टॉपलॉस 507.20, म्हणजे पिव्होटच्या खाली आणि आज पडलेल्या तळाच्याही खाली. जोखीम शेअरमागे 4 रुपये.

लक्ष्य 524 नाही, 523. R1 वर विकायला बसलेले पुष्कळ असतात, त्यांच्या पुढे रांगेत उभं राहिलेलं बरं. फायदा शेअरमागे 11.80 रुपये.

हे लक्ष्य आजच्या दिवसाला झेपेल का, हे ताडायची एक साधी रीत आहे. आजचा तळ 508.60 धरला तर 523 ला पोहोचल्यावर आजची रेंज होते 14.40. काल 24 होती, म्हणजे मागणी वाजवी आहे. R2, म्हणजे 533 मागितला असता तर आज कालइतकीच पूर्ण रेंज व्हावी लागली असती. अकरा वाजता ती आशा धरता येते, दोन वाजता नाही. साधारण सव्वातीनच्या पुढेमागे बहुतेक ब्रोकर इंट्राडेचे सौदे स्वतःच कापतात, त्यामुळे घड्याळ हासुद्धा एक अडथळाच आहे.

संख्या किती घ्यायची? या सौद्यात 500 रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं ठरवलं तर 500 भागिले 4, म्हणजे 125 शेअर. खरेदीची किंमत होते 63,900 रुपये. इंट्राडेला किमान 20 टक्के मार्जिन लागतं, म्हणजे खात्यात 12,780 रुपये असले तरी चालतं. नेमका इथेच घात होतो. खात्यात 60,000 आहेत म्हणून माणूस 500 शेअर उचलतो आणि तोच चार रुपयांचा स्टॉपलॉस 2,000 रुपयांचा होऊन बसतो. संख्या स्टॉपलॉसच्या अंतरावरून ठरवायची असते, मार्जिनवरून नव्हे.

खर्चही मांडून घ्या. ऑर्डरमागे 20 रुपयांपर्यंतची दलाली, विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी हा सौद्यावरचा कर, स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि जीएसटी मिळून या सौद्याला साधारण 70 रुपये लागतात. म्हणजे हरलात तर 570 जातात, लक्ष्य लागलं तर 1,405 हातात पडतात. दहातले तीन सौदे लक्ष्याला लागले आणि बाकी सात स्टॉपलॉसला गेले तरी खातं जेमतेम पाण्यावर राहतं. हेच लक्ष्य 4 रुपयांचं ठेवलं असतं तर फायदा 430 आणि तोटा 570, म्हणजे दहातले सहा जिंकूनही हाती जवळपास काहीच नाही. सेबीने जुलै 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासात 2022-23 या वर्षात शेअरबाजाराच्या रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. छोट्या लक्ष्यांचे पुष्कळ सौदे करणाऱ्याला खर्च कसा खातो, हे वरच्या दोन आकड्यांत दिसतं.

आता तीच खरेदी उलटली असं धरा. अकराच्या पुढे भाव 510 च्या आसपास रेंगाळतो, उसळी येत नाही, आणि मग एक मेणबत्ती भरपूर व्यवहारांसह 507 च्या खाली बंद होते. स्टॉपलॉस लागला, सौदा संपला. याच क्षणी रागाने उलटी विक्री करू नका, कारण S1 अवघा 7 रुपयांवर आहे आणि भाव तिकडे धावून चुकला आहे. पुष्कळदा भाव खालून पुन्हा 508-509 ला येतो. तिथे अडखळून परत खाली वळला, तर सकाळी आधार असलेला पिव्होट आता अडथळा झाला हे दिसतं. विक्री करायचीच तर तिथे. मग स्टॉपलॉस पिव्होटच्या थोडा वर राहतो आणि लक्ष्य 500 च्या जरा अलीकडे.

कालचा दिवस भरवशाचा नसतो तेव्हा

पिव्होट फसतो तो सूत्रामुळे नाही, कालचे तीन आकडे फसवे असतात म्हणून.

सगळ्यात वारंवार होणारी गोष्ट म्हणजे एकुलता उंच काटा. समजा काल सकाळी पहिल्याच मिनिटाला दोन-चार सौदे 524 ला झाले आणि भाव लगेच खाली आला, बाकी दिवसभर 518 च्या वर कोणी गेलंच नाही. नोंदीत उच्चांक 524 लागतो. आता पिव्होट 511, R1 528, S1 498 आणि R2 541. आधीचा R2 533 होता, म्हणजे सहा रुपयांच्या काट्याने R2 आठ रुपये वर ढकलला. आपल्या पाच रेषांपैकी R2 वर काट्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, कारण उच्चांक त्यात दोनदा शिरतो: एकदा पिव्होटमधून, एकदा रेंजमधून. असा काटा दिसला की मी दोन्ही हिशेब करून बघतो. P आणि S1 फारसे हलत नाहीत, त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो. R2 त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट मोठी गॅप. रात्री कंपनीचे निकाल आले आणि सकाळी शेअर थेट 536 ला उघडला. कालचे तिन्ही आकडे ती बातमी येण्याआधीचे आहेत. P 509 हा आता इतका लांब आहे की त्याचा आज उपयोग नाही, आणि 533 चा R2 ओलांडून भाव आधीच पुढे गेला आहे. अशा दिवशी पहिल्या अर्ध्या तासाचा उच्चांक आणि नीचांक हेच खरे टेकू. पिव्होटचा उपयोग उरतो तो एवढाच की भाव परत 533 च्या खाली येऊन टिकला, तर गॅपमधला जोर ओसरला असं समजावं.

शेअर विभागला जातो किंवा बोनस मिळतो त्या दिवशी कालचे आकडे जुन्या भावातले असतात. एकाचे दोन झाले असतील तर 518, 494, 515 हे निम्मे करूनच सूत्रात टाका. बहुतेक चार्ट हे आपोआप करतात, हाताने केलेल्या शीटमध्ये मात्र तुम्हालाच करावं लागतं. दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांनंतर तर जरूर लक्ष ठेवा. तासाभराचं ते सत्रही नोंदीत स्वतंत्र दिवस म्हणून येतं, त्याची रेंज चिमुकली असते, आणि दुसऱ्या दिवशी R2 पासून S2 पर्यंतच्या रेषा एकमेकींना चिकटून येतात. त्या वेळी मुहूर्ताच्या आधीच्या पूर्ण दिवसाचे आकडे घ्यावेत.

ऑप्शनच्या प्रीमियमवर पिव्होट काढू नये, हे माझं ठाम मत आहे. प्रीमियममधून रोज काळाची किंमत गळत असते, त्यामुळे काल 120 ला जो आधार होता तो आज निर्देशांक जागचा हलला नाही तरी आधार राहत नाही. पिव्होट निफ्टीवर काढा, सौदा ऑप्शनमध्ये करा. निफ्टीचे पिव्होट आणि निफ्टी फ्युचरचे पिव्होटही एक समजू नका. दोघांचे उच्चांक, नीचांक, बंद वेगळे असतात, म्हणून चार्ट ज्याचा, रेषा त्याच्याच हव्यात.

आपल्या शेअरला हे लागू पडतं का?

चार्टवर पाच रेषा ओढल्या की भाव त्यातल्या कुठल्यातरी रेषेवर वळणारच. वळला की डोळ्यात भरतो, आरपार गेला की लक्षात राहत नाही. म्हणून मोजून बघायचं असेल तर आधी वळण कशाला म्हणायचं ते लिहून ठेवा. उदाहरणार्थ, रेषेच्या रुपयाभरात भाव आला आणि तीन रुपये पलीकडे जाण्याआधी पाच रुपये परत फिरला, तर वळण. मग आपल्या शेअरचे तीन-चार महिन्यांचे पंधरा मिनिटांचे चार्ट घेऊन P, R1 आणि S1 वर किती वेळा भाव आला आणि किती वेळा वळला ते मोजा.

यापुढचं काम बहुतेक जण करत नाहीत. त्याच दिवसांवर खोट्या रेषाही ओढा: प्रत्येक खरी रेषा कालच्या रेंजच्या पाचव्या हिश्शाएवढी वर सरकवा, आपल्या उदाहरणात साधारण 5 रुपये. 509 च्या जागी 514, 524 च्या जागी 529. त्याच नियमाने त्यांच्यावरची वळणंही मोजा. खऱ्या आणि खोट्या रेषांवर वळणांचं प्रमाण सारखंच आलं, तर त्या शेअरमध्ये पिव्होटकडे फारसं कोणी बघत नाही असं समजा. सौदा दुसऱ्या कारणावर ठरवा, आणि या रेषा फक्त भाव कालच्या मानाने वर आहे की खाली एवढं बघायला ठेवा. खऱ्या रेषांवर प्रमाण ठळकपणे जास्त आलं, तर त्यातही P, R1 आणि S1 वेगवेगळे बघा. कुठल्या रेषेवर सौदा करायचा आणि कुठली सोडायची हे त्या तक्त्यावरून ठरवा.